त्रिकोणाच्या पोटातले चौकोन

प्रश्न दोन ओळींचा आहे. ०.५ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर आकृतीत दाखवलेलं त्रिकोणी व्होल्टेज दिलं आहे. कपॅसिटरमधून वाहणाऱ्या करंटचा आलेख काढा. विद्युत किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पेपरात हा प्रश्न आकडे बदलून पुन्हा पुन्हा येतो. पाच-सहा मार्कांचा असतो आणि मुलं तो 'सोपा' म्हणून आधी सोडवून टाकतात. मला मात्र तो सावकाश वाचण्याच्या लायकीचा वाटत आला आहे. एवढ्याशा जागेत इतकं नेमकं बसवलेलं दुसरं गणित मला सर्किटच्या पुस्तकात चटकन आठवत नाही.

आकृती अशी समजा. वेळ शून्य असताना व्होल्टेज शून्य. तिथून ते सरळ रेषेत चढतं आणि ३ मिलिसेकंदांना १२ व्होल्टवर पोचतं. तिथे टोक. मग सरळ रेषेतच उतरतं, पण झपाट्याने: ५ मिलिसेकंदांना ते उणे १२ व्होल्टवर असतं. पुन्हा टोक, पुन्हा पहिल्याच चालीने चढ, आणि ८ मिलिसेकंदांना परत शून्य. पुढे हेच आवर्तन चालू राहतं.

चढायला सहा मिलिसेकंद आणि उतरायला दोन, असा हा कललेला त्रिकोण मी मुद्दाम घेतला. बऱ्याच पुस्तकांत दोन्ही बाजू सारख्या असतात. त्यात उत्तर इतकं देखणं येतं की ते कुठून आलं याकडे कुणाचं लक्ष जात नाही. वर एक चौकोन, खाली तेवढाच चौकोन, संपलं. त्रिकोण कलला की चौकोन असमान होतात आणि मग 'असं का?' हे विचारावंच लागतं.

आता सूत्राकडे. ते एका ओळीचं आहे:

i = C · dv/dt

करंट म्हणजे धारकता गुणिले व्होल्टेज बदलण्याचा दर. हे आकाशातून पडलेलं नाही. कपॅसिटरवर साठलेला चार्ज हा धारकता गुणिले व्होल्टेज एवढा असतो, आणि करंट म्हणजे चार्ज ज्या दराने येतो-जातो तो दर. चार्जच्या त्या समीकरणाच्या दोन्ही बाजूंचा दर काढला की वरचं सूत्र मिळतं. मध्ये एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, की धारकता स्वतः बदलत नाही. कागदावर ती बदलत नाहीच. टेबलावर कधी कधी बदलते. त्याकडे नंतर येऊ.

या सूत्रात काय आहे यापेक्षा काय नाही ते आधी पाहावं. उजव्या बाजूला नुसता v कुठेच नाही. व्होल्टेज १२ आहे की १२०, याची करंटला खबर नसते. ते किती वेगाने बदलतंय एवढंच त्याला कळतं. रेझिस्टरवर वर्षभर हात बसलेल्या माणसाला हे पचायला जड जातं, कारण ओहमच्या नियमात व्होल्टेज मोठं म्हणजे करंट मोठा, हे अंगात मुरलेलं असतं. मी वर्गात कर्जत-लोणावळा घाटाचं उदाहरण देतो. तिथला चढ सदतिसास एक असा आहे, म्हणून जड गाड्यांना कर्जतला मागून जोड-इंजिनं लावतात आणि लोणावळ्याला ती सोडवतात. लोणावळ्याला गाडी सगळ्यात उंच असते, आणि नेमकी तिथेच जोड-इंजिनांची गरज संपते. इंजिनाला उंची जाणवत नाही, चढ जाणवतो. कपॅसिटरचंही तेच.

म्हणजे आकृती पाहताना आपण तिची उंची वाचायची सोडून द्यायची आणि उतार वाचायचा. आपल्या आकृतीत सरळ रेषा तीन आणि उतार दोनच. पहिल्या रेषेवर ३ मिलिसेकंदांत १२ व्होल्ट, म्हणजे मिलिसेकंदाला ४ व्होल्ट. दुसऱ्या रेषेवर १२ पासून उणे १२ पर्यंत, म्हणजे एकूण २४ व्होल्टची घसरण २ मिलिसेकंदांत. मिलिसेकंदाला उणे १२ व्होल्ट. तिसऱ्या रेषेवर पुन्हा मिलिसेकंदाला ४.

दुसऱ्या रेषेपाशी बरेच हात घसरतात. वरचं टोक १२ वर आहे हे डोळ्यांत इतकं भरलेलं असतं की घसरणही १२ चीच धरली जाते आणि उत्तर निम्मं येतं. रेषा जिथे सुरू झाली आणि जिथे संपली ती दोन टोकं आधी लिहून काढावीत, मग वजाबाकी करावी.

एककांची एक सोय इथे आहे, जी मला फार आवडते. व्होल्ट प्रति मिलिसेकंदाला मायक्रोफॅरडने गुणलं की उत्तर थेट मिलिअँपिअरमध्ये येतं. दहाचे घात मांडत बसायची गरज नाही. ४ गुणिले ०.५ म्हणजे २ मिलिअँपिअर. उणे १२ गुणिले ०.५ म्हणजे उणे ६ मिलिअँपिअर. उत्तरातले आकडे एवढे दोनच. बाकी सगळी करामत चित्रात आहे.

चित्र काढताना दुसरा आलेख पहिल्याच्या बरोबर खाली काढावा, शेजारी नाही. वेळेचे अक्ष एकाखाली एक आले की वरच्या प्रत्येक टोकापासून एक तुटक उभी रेषा खाली सोडता येते आणि त्या रेषा खालच्या कागदाचे आपोआप तुकडे पाडतात. प्रत्येक तुकड्यात वरती सरळ रेषा, म्हणून खाली आडवी रेषा. शून्य ते तीन: अधिक २ वर आडवी. तीन ते पाच: उणे ६ वर आडवी. पाच ते आठ: पुन्हा अधिक २. वरती एकही आडवी रेषा नव्हती आणि खाली सगळ्या आडव्याच. वरती तिरका, अणकुचीदार, सतत हलणारा आलेख. खाली स्तब्ध ठोकळे, जे फक्त दोनदा उडी मारतात. एकाच घटनेची ही दोन चित्रं आहेत हे आधी माहीत नसेल तर पटणार नाही.

यातली एक जागा फारसं कुणी पाहत नाही. वेळ ४ मिलिसेकंद. वरच्या आलेखात व्होल्टेज शून्यावरून खाली जातंय. अधिकचं उणं होतंय. आपल्याला वाटतं, काहीतरी घडायला हवं. खाली पाहावं तर काही नाही. उणे ६ ची रेषा त्या क्षणी जशीच्या तशी पुढे जाते. शून्य ओलांडणं ही व्होल्टेजच्या अक्षाची बाब आहे, उताराची नाही. हा सगळा त्रिकोण उचलून पन्नास व्होल्ट वर ठेवला तरी खालच्या चित्रात केसभर फरक पडणार नाही. म्हणून तर कपॅसिटर डीसी अडवतो असं म्हणतात: आलेख किती उंचीवर ठेवलाय एवढीच माहिती डीसीत असते, आणि उतार काढताना तीच गळून पडते.

गळलेली माहिती परत मिळत नाही, हेही लक्षात घेण्यासारखं आहे. मी कधी कधी उलटा प्रश्न घालतो. करंटचे हे ठोकळे दिले आहेत, व्होल्टेज काढा. हुशार मुलं क्षेत्रफळ साठवत साठवत त्रिकोण बरोबर उभा करतात आणि मग थबकतात, कारण सुरुवात कुठून करायची हे ठोकळ्यांत लिहिलेलं नसतं. सुरुवातीचं व्होल्टेज वेगळं द्यावं लागतं.

आता टोक. या गणिताचा सगळा रस टोकात आहे.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक इथे हमखास बोट ठेवतात. "बरोबर तीन मिलिसेकंदांना करंट किती?" मुलगा चाचरतो. "सर, शून्य." का? "कारण तिथे व्होल्टेज सगळ्यात जास्त आहे, सर, आणि मॅक्सिममला डेरिव्हेटिव्ह शून्य असतो." उत्तर चूक आहे, पण चुकीला घराणं आहे. साइन वेव्हच्या माथ्यावर हे अगदी खरं असतं. तिथे माथा गोल असतो, माथ्यावर क्षणभर उतार शून्य होतो, करंटही शून्यातून जातो. त्यातूनच 'करंट नव्वद अंश पुढे' हे पाठांतर जन्माला येतं. त्रिकोणाला गोल माथा नाही. ३ मिलिसेकंदांच्या किंचित आधी उतार पूर्ण ४ आहे, किंचित नंतर पूर्ण उणे १२ आहे, आणि मध्ये विसावायला जागाच नाही. त्या एका क्षणी उतार ठरवता येत नाही, म्हणून करंटलाही तिथे ठरावीक किंमत नाही. डावीकडून २, उजवीकडून उणे ६. आलेखात तिथे उभी रेषा काढतात ती डोळ्याच्या सोयीसाठी. मी ती तुटक काढतो, म्हणजे करंट त्या रेषेवरच्या सगळ्या किमतींतून गेला असा गैरसमज होत नाही.

उडी किती मोठी? २ पासून उणे ६, म्हणजे ८ मिलिअँपिअरची. टोकाची धार जितकी तीव्र, उडी तितकी मोठी. आणि ही उडी कायदेशीर आहे. कपॅसिटरवरचं व्होल्टेज एका क्षणात उडी मारू शकत नाही, कारण त्यासाठी चार्ज एका क्षणात आणून टाकावा लागेल. करंटला असलं बंधन नाही. चार्ज आणायचं थांबवून न्यायला सुरुवात करणं हे एका क्षणात होऊ शकतं. म्हणून वरचा आलेख कुठेही तुटत नाही, फक्त मोडतो. आणि वरती जिथे मोडतो, तिथेच खाली तुटतो.

आणखी एक बारकावा, जो कललेल्या त्रिकोणातच नीट दिसतो. शून्य मिलिसेकंदांना काय होतं? आवर्तन आधीपासून चालू असेल, तर मागच्या फेरीचा शेवटचा चढ आणि या फेरीचा पहिला चढ ही एकच सरळ रेषा आहे. तिथे टोकच नाही, म्हणून उडीही नाही. २ मिलिअँपिअरचा ठोकळा सलग सहा मिलिसेकंदांचा आहे. तो आपल्या चौकटीच्या दोन कडांना कापला गेला एवढंच. पण प्रश्नात 'शून्याच्या आधी व्होल्टेज शून्य होतं' असं लिहिलं असेल, तर शून्याला आडव्या रेषेतून चढ फुटतो आणि करंट तिथे शून्यावरून २ वर उडी मारतो. प्रश्नातल्या एका शब्दावर एक उभी रेषा अवलंबून असते. मार्क तिथेही जातात.

आता ठोकळे मोजून पाहू. २ मिलिअँपिअर सलग सहा मिलिसेकंद: क्षेत्रफळ १२ मायक्रोकुलंब. उणे ६ मिलिअँपिअर दोन मिलिसेकंद: उणे १२ मायक्रोकुलंब. एक लांबट आणि बुटका, दुसरा अरुंद आणि खोल, पण दोघांचं क्षेत्रफळ सारखंच. सारखं असायलाच हवं. कपॅसिटर फेरी संपताना जिथून निघाला तिथेच परत येत असेल, तर जेवढा चार्ज आला तेवढाच गेला पाहिजे. आणि व्होल्टेजच्या बाजूने पाहिलं तरी हेच: २४ व्होल्ट गुणिले ०.५ मायक्रोफॅरड म्हणजे १२ मायक्रोकुलंब. पेपर देण्याआधी दहा सेकंदांत ही पडताळणी होते. दोन ठोकळ्यांची क्षेत्रफळं जुळली नाहीत तर एखादा उतार चुकला आहे, हे नक्की. वर सांगितलेली निम्म्या घसरणीची चूक इथे लगेच पकडली जाते: उणे ३ चा ठोकळा फक्त ६ मायक्रोकुलंब परत नेतो, आणि उरलेले ६ कुठे गेले याचं उत्तर मिळत नाही.

या क्षेत्रफळाला धरून त्रिकोण आणखी कलवून पाहावा. उतरायचा वेळ २ मिलिसेकंदांऐवजी ०.२ केला तर करंट उणे ६० मिलिअँपिअर. २ मायक्रोसेकंद केला तर उणे ६ अँपिअर. व्होल्टेजचं माप तेच, वरून खाली २४, कपॅसिटर तोच, आणि करंट एका लहान एलईडीला पुरण्याइतक्या मापावरून मोठ्या फ्यूजच्या मापावर गेला. क्षेत्रफळ मात्र प्रत्येक वेळी १२ मायक्रोकुलंबच. ठोकळा अरुंद होत जातो तसा खोल जातो, आणि उतरायला शून्य वेळ लावायचा म्हटलं तर रुंदी शून्य, खोली अमर्याद आणि क्षेत्रफळ तरीही १२, अशी गणितातच शोभणारी वस्तू हाती येते. प्रत्यक्षात त्याआधीच कुठलातरी रेझिस्टन्स आडवा येतो, किंवा काहीतरी जळतं. पॉवर सर्किटमध्ये वापरायच्या फिल्म कपॅसिटरच्या माहितीपत्रकात 'व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद' अशी एक मर्यादा छापलेली असते ती याचसाठी. नवखे लोक फक्त व्होल्टेजचं रेटिंग पाहतात, आणि मग रेटिंगच्या निम्म्या व्होल्टेजवरही कपॅसिटरच्या कडेचे जोड करंटने भाजून निघतात.

कागदावरचं झालं. आता हेच टेबलावर मांडून पाहू, कारण हे चित्र सीआरओच्या पडद्यावर उमटताना पाहण्यात वेगळी गंमत आहे. फंक्शन जनरेटर त्रिकोणी लहरीवर ठेवायचा, फ्रीक्वेन्सी १२५ हर्ट्झ म्हणजे फेरी ८ मिलिसेकंदांची, आणि सिमेट्रीचं बटण ७५ टक्क्यांवर. नेहमीच्या जनरेटरला एवढ्या मोठ्या लहरी झेपत नाहीत, म्हणून अधिक-उणे ६ व्होल्टवर समाधान मानायचं. बाजारात ०.५ मायक्रोफॅरड सहसा मिळत नाही, ०.४७ मिळतो, अंगावर ४७४ लिहिलेला पॉलिस्टर फिल्मचा घ्यावा. इलेक्ट्रोलिटिक घेऊ नये, कारण व्होल्टेज निम्मा वेळ उलटं असणार आहे.

सीआरओ करंट पाहत नाही, व्होल्टेजच पाहतो. म्हणून कपॅसिटरशी ओळीने १०० ओहमचा एक रेझिस्टर लावायचा आणि त्यावरचं व्होल्टेज पाहायचं. तो रेझिस्टर ग्राउंडच्या बाजूला हवा. प्रोबची मगर-क्लिप आतून अर्थला जोडलेली असते. रेझिस्टर वरच्या बाजूला ठेवून क्लिप मधल्या सांध्यावर अडकवली की कपॅसिटर शॉर्ट होतो आणि पडद्यावर भलतंच काही दिसतं.

हिशोबाने चढावर ०.९४ मिलिअँपिअर, म्हणजे पडद्यावर ९४ मिलिव्होल्ट; उतारावर उणे २८२ मिलिव्होल्ट. आणि तसं येतंही. पण कोपरे काटकोनात येत नाहीत. प्रत्येक उडीनंतर रेषा किंचित वळण घेत आपल्या पातळीवर बसते. जनरेटरच्या आतले ५० ओहम आणि आपले १००, मिळून १५०, त्याला ०.४७ मायक्रोफॅरडने गुणलं की ७० मायक्रोसेकंद येतात. त्याच्या पाचपट वेळात, म्हणजे सुमारे एक तृतीयांश मिलिसेकंदात, वळण संपतं. दोन मिलिसेकंदांच्या ठोकळ्यात तेवढं खपून जातं.

इथे मोह होतो. ९४ मिलिव्होल्ट फार बारीक दिसतात, रेषेला केस फुटलेले असतात. मग कुणीतरी १०० ओहम काढून १ किलो-ओहम लावतं. सिग्नल दहापट होतो आणि चित्र बिघडतं. आता वळणाचा काळ अर्धा मिलिसेकंद झाला, आणि दोन मिलिसेकंदांचा उतार म्हणजे अशी चारच मापं. उणा ठोकळा आपल्या पातळीवर पोचतो न पोचतो तोच पुढचं टोक येतं. ठोकळ्याऐवजी माशाच्या कल्ल्यासारखा आकार. दहा किलो-ओहम लावलं तर पातळी कधी येतच नाही. मोजण्यासाठी लावलेला रेझिस्टरच आता व्होल्टेजचा मोठा वाटा खातोय, त्यामुळे कपॅसिटरवर मुळात त्रिकोण उरलेलाच नाही. ओळखायची खूण सोपी आहे: दुसरा प्रोब कपॅसिटरच्या वरच्या टोकाला लावून दोन्ही चॅनेलची वजाबाकी पाहावी. तिथे त्रिकोणाची टोकं बोथट दिसली की खालचे कोपरेही गोलच असणार.

कोपऱ्यांपेक्षा माथा अधिक बोलतो. ठोकळ्याचा माथा सपाट येणं ही साक्ष आहे की धारकता खरोखर स्थिर आहे आणि चार्ज कुठून झिरपत नाही. मुद्दाम कपॅसिटरला समांतर १० किलो-ओहमचा रेझिस्टर जोडून पाहा. आता करंटमध्ये व्होल्टेजचाही एक भाग मिसळला: ६ व्होल्टला ०.६ मिलिअँपिअर. चढाचा माथा सपाट राहत नाही. ३४ मिलिव्होल्टपासून १५४ पर्यंत तिरका चढत जातो. उतारावर तो उणे २२२ पासून उणे ३४२ पर्यंत घसरतो. दोन्ही माथ्यांचे मध्य मात्र ९४ आणि उणे २८२ वर जागचे हललेले नाहीत, कारण मध्यावर व्होल्टेज शून्य असतं आणि त्या क्षणी रेझिस्टर गप्प असतो. एकाच रेषेतून दोन गोष्टी वाचता येतात: मध्याची उंची कपॅसिटर सांगतो, तिरकेपणा गळती सांगते.

आणि मघाशी म्हटलेली ती बदलणारी धारकता. फिल्मचा कपॅसिटर काढून त्याच मापाचा स्वस्त सिरॅमिक, वाय-५-व्ही जातीचा, लावला की माथ्याला पोट सुटतं. मध्यावर उंच, दोन्ही कडांना पडलेला. या जातीच्या सिरॅमिकची धारकता व्होल्टेज वाढलं की घटते. शून्याजवळ ती सगळ्यात जास्त असते, म्हणून करंटही तिथेच सगळ्यात जास्त. चढ तर सगळीकडे सारखाच दिला आहे. तेव्हा माथ्याचा आकार म्हणजे दुसरं काही नसून धारकतेचाच आलेख. अंगावर ४७४ लिहिलेलं असलं तरी पडद्यावर खरी धारकता व्होल्टेजच्या प्रत्येक पायरीवर किती उरते ते उघड होतं.

याच युक्तीवर एक अख्खी मोजणीची पद्धत उभी आहे. सुपरकपॅसिटरसाठी नवे इलेक्ट्रोड बनवणाऱ्या प्रयोगशाळांत सायक्लिक व्होल्टॅमेट्री नावाची चाचणी रोज चालते, आणि तिचं इंधन म्हणजे हाच त्रिकोण, फक्त फार संथ. शून्यापासून एक व्होल्टपर्यंत, सेकंदाला ५० मिलिव्होल्ट या चालीने वर आणि त्याच चालीने खाली. फरक एवढाच की तिथे करंटचा आलेख वेळेसमोर काढत नाहीत, व्होल्टेजसमोर काढतात. आपलं चित्र तसं काढून पाहा: चढताना करंट एका पातळीवर, उतरताना दुसऱ्या, दोन्ही टोकांना उभ्या उड्या, म्हणजे बंद आयत. आदर्श कपॅसिटरचा आयतच यायला हवा. पडद्यावर अधिक-उणे ५० मिलिअँपिअरचा आयत आला तर ५० भागिले ५०, धारकता एक फॅरड, तोंडी हिशोब.

सच्छिद्र कार्बनचा चांगला इलेक्ट्रोड असेल तर जवळपास आयत येतोही, कोपरे थोडे घासलेले. ते कोपरे कुणी घासले हे आपण टेबलावर पाहिलंच: द्रावणाचा आणि जोडांचा रेझिस्टन्स. आयत एका अंगाला कलून पानासारखा झाला तर रेझिस्टन्स फार आहे किंवा गळती आहे. मध्येच उंचवटे आले तर नुसता चार्ज साठत नाहीये, रासायनिक क्रियाही चालली आहे. आणि मग शेवटची तपासणी. चाल दुप्पट करायची, सेकंदाला १०० मिलिव्होल्ट. सूत्राप्रमाणे आयताची उंचीही बरोबर दुप्पट व्हायला हवी. बहुतेक वेळा ती किंचित कमी भरते, आणि चाल वाढवत नेली की तूट वाढत जाते, कारण कार्बनच्या खोल छिद्रांपर्यंत पोचायला आयनांना वेळ लागतो आणि त्रिकोण तोवर टोकावरून परत फिरलेला असतो.